नंबर बदलला आणि सगळीच खाती बंद

प्रश्न : माझे किराणा दुकान आहे. जुने सिम बंद करून नवा नंबर घेतला. आता बँकेचे अ‍ॅप, यूपीआय, ईमेल, जीएसटी, काहीच उघडत नाही. प्रत्येकाचा ओटीपी जुन्याच नंबरवर जातो. काय करू?

उत्तर : सिम बंद करून किती दिवस झाले, हे आधी पाहा. बंद झालेला नंबर किमान 90 दिवस दुसऱ्या कोणाला देता येत नाही. त्यामुळे मुदत उलटली नसेल, तर ओळखपत्र घेऊन आजच कंपनीच्या दालनात जा आणि तोच नंबर पुन्हा सुरू होईल का, ते विचारा. मिळाला, तर पहिले 24 तास त्यावर एसएमएस बंद राहू शकतात. तेवढ्यात ओटीपी आला नाही म्हणून पुन्हापुन्हा प्रयत्न करू नका, खाते लॉक होईल. मग जुना नंबर चालू असतानाच एकेका ठिकाणी नवा नोंदवा.

नंबर मिळालाच नाही, तर बँकेच्या शाखेत जाऊन अर्ज द्या. तिथे सही आणि केवायसी चालते, ओटीपीवाचून काम होते. आधार केंद्रात बोटांचे ठसे पुरतात. जीएसटीसाठी कागदपत्रांसह आपल्या विभागाच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करा. सर्वांत चिवट ईमेल. घरातल्या जुन्या फोनवर किंवा दुकानातल्या संगणकावर तो अजून उघडा असेल, तर तिथून लॉगआउट मुळीच करू नका.

गल्ल्यावरच्या क्यूआरवर गिऱ्हाईक पैसे देत असेल, तर ते बहुधा खात्यात पोहोचतच आहेत. पासबुक भरून घ्या, खात्री होईल.