तासाला एक फेरी : परसदारच्या शर्यतीचे गणित

ब्राह्मणपुरीच्या आमच्या विद्यार्थ्यांना धावणे नवे नाही; परंतु ज्या शर्यतीत वेगवान धावपटूला पुढे जाताच येत नाही, अशी शर्यत त्यांना नवीन वाटेल. अमेरिकेतील टेनेसी राज्यात गॅरी कँट्रेल यांनी आपल्या घराच्या परसात ती सुरू केली. तिला ‘बॅकयार्ड अल्ट्रा’ म्हणतात.

फेरी 6.706 किलोमीटरची असते. चोवीस तासांत बरोबर शंभर मैल व्हावेत, म्हणून हा विचित्र आकडा. दर तासाच्या ठोक्याला सर्वांनी आरंभरेषेवरून एकत्र निघावयाचे. त्यापूर्वी तीन, दोन आणि एक मिनिट उरले असता शिट्ट्या होतात. ठोक्याला जो रेषेवर नाही, तो बाद.

यामुळे एकूण अंतर वेगावर नव्हे, केवळ तासांवर ठरते. बारा तास टिकणाऱ्या प्रत्येकाचे अंतर 12 × 6.706, म्हणजे 80.472 किलोमीटरच होणार. वेगाने मिळते ती विश्रांती. आणि तीही त्याच तासापुरती, पुढच्या तासासाठी शिल्लक टाकता येत नाही. एक फेरी 50 मिनिटांत व दुसरी 61 मिनिटांत केल्यास सरासरी साडेपंचावन्न भरते, पण धावपटू बाद झालेला असतो. सरासरीवर विसंबणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे.

आता दहावीची अंकगणिती श्रेढी घेऊ. समजा, पहिली फेरी 50 मिनिटांची झाली आणि थकव्याने प्रत्येक फेरीला 20 सेकंद अधिक लागू लागले. पहिल्या तासात विश्रांती 10 मिनिटे, बाराव्यात 6 मिनिटे 20 सेकंद. त्यांची सरासरी 8 मिनिटे 10 सेकंद. बाराने गुणता एकूण विश्रांती 98 मिनिटे. ऐकावयास ती पुष्कळ वाटते, परंतु बारा तुकड्यांत विखुरलेली! त्यातच बसणे, खाणे, पाणी पिणे, मोजे बदलणे उरकावयाचे.

बाविसाव्या फेरीनंतर नेमकी तीन मिनिटे उरतात. तेविसाव्यापासून पहिली शिट्टी झाल्यावरच तो परततो. धोक्याची खूण ती हीच. चोविसाव्या फेरीला 160.944 किलोमीटर भरतात, विश्रांती 2 मिनिटे 20 सेकंद. एकतिसाव्या फेरीला पूर्ण 60 मिनिटे लागून विश्रांती शून्यावर येते. प्रत्यक्षात पाय इतक्या सरळ रेषेत थकत नाहीत. रात्री किंवा पोट बिघडल्यास एकाच फेरीत पाच मिनिटे जातात, म्हणून हा हिशेब आशावादीच समजावा. उलट, आरंभी फार वेगाने धावून वीस मिनिटे बसणाऱ्याचे पाय थंड पडून आखडतात.

शेवटी उरलेल्या एकट्याने आणखी एक फेरी वेळेत पुरी केली, तरच तो विजेता. 2023 साली कँट्रेल यांच्याच स्पर्धेत हार्वी लुईस यांनी 108 फेऱ्या, म्हणजे साडेचार दिवसांत सुमारे 724 किलोमीटर पूर्ण केले. त्यांना 107 फेऱ्यांपर्यंत साथ देणाऱ्या धावपटूची नोंद, नियमानुसार, ‘शर्यत अपूर्ण’ अशीच झाली.