‘कॉकेशियन’ आणि ‘ओरिएंटल’

‘कॉकेशियन’ हा शब्द आम्ही विद्यार्थ्यांना वापरू देत नाही. जर्मन शास्त्रज्ञ ब्लूमेनबाख यांनी १७९५ मध्ये कॉकेशस प्रदेशातील एका जॉर्जियन स्त्रीची कवटी सर्वांत सुंदर मानली आणि युरोपीय व त्यांच्या शेजारच्या लोकांना हे नाव रूढ केले. आधार आवडीचा होता. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जपानी ओझावा यांना ते कॉकेशियन नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारले. पुढच्याच वर्षी पंजाबचे भगतसिंग थिंद यांनी आपण कॉकेशियन, शिवाय उच्चजातीय, असा दावा मांडला. (जात समुद्र ओलांडूनही सुटली नव्हती!) तेव्हा तेच न्यायालय म्हणाले, शास्त्रज्ञांचे वर्गीकरण नव्हे, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा.

‘ओरिएंटल’ म्हणजे पूर्वेकडचा. पण कोणाच्या पूर्वेकडचा? युरोपच्या. चिनी, जपानी, कोरियन यांना एकाच मोटेत बांधणारा हा शब्द अमेरिकेने २०१६ मध्ये आपल्या संघीय कायद्यांतून वगळला.