ऑडिटर आधी काय मोजतो? पाच दुकानांची साखळी आणि तीन रिस्क

दुकान एकाचं पाच झालं की ऑडिटर कसा विचार करतो, हे आपण व्हिडिओत पाहिलं. तिथे आकडे जरा पटापट गेले, म्हणून इथे तेच उदाहरण सावकाश सोडवू. घेऊ फक्त एकच गोष्ट, स्टॉक. कारण साखळी दुकानात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

समजा, तुमची रेडीमेड कपड्यांची कंपनी आहे. इचलकरंजीला गोदाम, कोल्हापुरात दोन दुकानं, सांगली, सातारा आणि कराडला एकेक. 31 मार्चला सॉफ्टवेअर सांगतंय, एकूण स्टॉक 2 कोटी 40 लाखांचा. त्यात गोदाम 90 लाख, कोल्हापूरची दोन मिळून 80, सांगली 35, सातारा 20 आणि कराड 15 लाख.

हा आकडा चुकला तर काय होतं? शेवटचा स्टॉक 10 लाखांनी जास्त दाखवला, की नफाही तेवढाच फुगतो. न झालेल्या नफ्यावर तुम्ही टॅक्स भरता. बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा स्टॉकवर ठरत असेल, तर नसलेल्या मालावर कर्ज उचलता. म्हणून ऑडिटर मोजणीला येण्याआधीच विचारतो, "इथे चूक राहून जाण्याची शक्यता किती?" त्या शक्यतेचे तो तीन भाग करतो.

पहिला भाग : इन्हेरंट रिस्क

म्हणजे अंगचीच जोखीम. कोणी काही तपासतच नाही असं धरलं, तर ही रक्कम चुकण्याची शक्यता किती? दुकानाचं भाडं बघा. करार ठरलेला, महिन्याला एकच चेक, चुकायला जागा कमी. तिथे ही रिस्क कमी. कपड्यांचा स्टॉक मात्र हजारो नगांचा, त्यात साइझ आणि रंग वेगळे. पिशवीत सहज जाणारा माल, फॅशन गेली की किंमत पडते, आणि गठ्ठे सतत एका दुकानातून दुसऱ्या दुकानात फिरतात. इथे रिस्क जास्त.

एक लक्षात घ्या, ऑडिटर "या कंपनीची रिस्क जास्त" असं सरसकट म्हणत नाही. तो बाबीनुसार आणि प्रश्नानुसार बघतो. "हा माल खरंच आहे का?" हा एक प्रश्न, "त्याची किंमत बरोबर लावली का?" हा दुसरा. आपण पहिलाच धरू.

दुसरा भाग : कंट्रोल रिस्क

चूक झाली, पण तुमच्या व्यवस्थेने ती पकडली नाही, ही शक्यता. तुम्ही ऑडिटरला सांगता, "साहेब, प्रत्येक गठ्ठ्याबरोबर चलन जातं, दुकानात बारकोड स्कॅन होतो आणि दर महिन्याला मोजणी होते." तो ऐकून घेतो, पण तेवढ्यावर विश्वास ठेवत नाही. आधी एक चलन घेऊन गोदामापासून दुकानाच्या रॅकपर्यंत जातो. मग वर्षभरातली, समजा, 25 चलनं काढतो. त्यातल्या 7 गठ्ठ्यांचं स्कॅनिंग त्या दिवशी झालेलंच नाही, दोन-तीन दिवसांनी कोणीतरी चलनावर बघून नोंद टाकलीय.

मग तो महिन्याच्या मोजणीचे कागद बघतो. कराडच्या दुकानात बाराही महिने फरक शून्य! तुम्हाला वाटेल, वा, काय काटेकोर मॅनेजर आहे. ऑडिटरच्या मनात मात्र इथेच पाल चुकचुकते. कपड्याच्या दुकानात दोन-चार नग इकडेतिकडे होणारच. फरक कधीच नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा मोजलंच नाही, सॉफ्टवेअरमधला आकडा कागदावर उतरवला.

तिसरा भाग : डिटेक्शन रिस्क

चूक तुमच्या व्यवस्थेतून सुटली आणि ऑडिटरच्या तपासणीतूनही सुटली, ही शक्यता. पहिल्या दोन रिस्क तुमच्या धंद्यात असतात, ऑडिटर त्यांचा फक्त अंदाज घेतो. ही तिसरी मात्र त्याच्या हातात असते. जास्त तपासलं की कमी होते, पण शून्य कधीच होत नाही.

आता तिघींचं गणित :

AR = IR × CR × DR

AR म्हणजे शेवटी चुकीचं मत दिलं जाण्याची एकूण रिस्क. समजा ऑडिटरने ती 5 टक्के ठेवायचं ठरवलं आणि स्टॉकची इन्हेरंट रिस्क 80 टक्के धरली. तुमच्या चलन-स्कॅनिंगवर विसंबून सुरुवातीला कंट्रोल रिस्क 50 टक्के धरली होती. 80 चे 50 टक्के म्हणजे 40. 5 ला 40 ने भागलं की डिटेक्शन रिस्क 12.5 टक्के. पण 7 चलनं आणि ते शून्य फरक बघून त्याने तुमच्या व्यवस्थेवर विसंबायचंच नाही असं ठरवलं. कंट्रोल रिस्क 100 टक्के. आता 5 ला 80 ने भागा, 6.25 टक्के. म्हणजे त्याला निम्मीच सूट उरली.

प्रत्यक्षात बरेच ऑडिटर टक्के लिहीत नाहीत, "जास्त, मध्यम, कमी" असं लिहितात. कारण हे आकडे अंदाजाचेच असतात. दिशा मात्र तीच : पहिल्या दोन वाढल्या की तिसरी कमी करावी लागते.

प्लॅन कसा बदलतो?

आधीचा प्लॅन होता : फेब्रुवारीत गोदाम आणि एक दुकान मोजायचं, पुढची आवक-जावक कागदावरून जुळवायची. नवा प्लॅन : मोजणी 31 मार्चलाच. गोदाम, कोल्हापूरची दोन्ही दुकानं आणि सांगली एकाच वेळी, म्हणजे 205 लाखांचा माल डोळ्यांसमोर. एकाच वेळी का? नाहीतर आज कोल्हापुरात मोजलेला गठ्ठा रात्री टेम्पोत घालून उद्या सांगलीत परत मोजून घेता येतो. त्या दिवशी गठ्ठ्यांची हालचाल बंद. कराडला न सांगता माणूस जाणार. शेवटच्या चलनाचा नंबर सगळीकडे लिहून घेतला जाणार. मोजणीही दोन्ही बाजूंनी : यादीतला माल रॅकवर आहे का, आणि रॅकवरचा माल यादीत आहे का.

समजा गोदामात 1.9 लाखांचा माल कमी निघाला. शोधल्यावर कळलं, 30 मार्चला सांगलीला गेलेला गठ्ठा सांगलीत जमा झाला, पण गोदामातून वजा झालाच नाही. एकच माल दोनदा मोजला गेला. ऑडिटरने लक्षणीय चुकीची मर्यादा 6 लाख ठरवली होती. 1.9 त्याच्या आत आहे, पण तो तिथे थांबत नाही. ही चूक व्यवस्थेतली आहे, म्हणजे आणखीही असणार. मार्चअखेरची सगळी चलनं बघितल्यावर असे चार गठ्ठे निघाले, मिळून 7.4 लाख. आता मर्यादा ओलांडली. नोंद दुरुस्त केल्याशिवाय सही नाही.

आणि सगळं चोख असतं तर? तरीही एवढ्या मोठ्या स्टॉकची तपासणी पूर्ण टळत नाही. भारतातल्या ऑडिटच्या मानकांनुसार, स्टॉक लक्षणीय असेल तर ऑडिटरने मोजणीला हजर राहायचंच असतं, ते शक्य नसेल तेव्हाच दुसरा मार्ग. फक्त तपासणी लहान होते.

तिघींपैकी तुम्हाला खरोखर बदलता येते ती मधली. कपडे विकायचे तर इन्हेरंट रिस्क राहणारच. त्यासाठी दोन सवयी लावा. गठ्ठा उतरला की त्याच दिवशी, पाठवणाऱ्याने नव्हे तर घेणाऱ्याने स्कॅन करायचा. आणि महिन्याची मोजणी दुसऱ्या दुकानाच्या माणसाने, सॉफ्टवेअरचा आकडा न दाखवलेल्या कोऱ्या यादीवर करायची. पहिल्या महिन्यात फरक दिसेल. घाबरू नका, मोजणी खरी झाल्याची ती खूण आहे.