पापणीवरची चिकटपट्टी

डोळ्यांच्या दवाखान्यात एक अंधारी खोली असते. आत पांढऱ्या वाडग्यासारखं यंत्र, हनुवटी टेकायला पट्टी, हातात एक बटण. समोरच्या पिवळ्या दिव्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. ही 'फील्ड टेस्ट'. एकोणीस वर्षं मी त्या खोलीत बसते आहे. लोंबणाऱ्या पापण्यांचे पेशंट तिथे कायम येतात. त्यांच्यातली एक माझी सख्खी आत्या निघाली, तेव्हा मला आधी अर्धवटच ठाऊक असलेल्या काही गोष्टी नीट कळल्या.

१. तक्रार डोळ्यांची म्हणून येत नाही.

आत्या ६६ वर्षांची, साताऱ्यात एकटी राहते, स्कूटर चालवते. ती मला सांगत होती डोकेदुखीबद्दल. "संध्याकाळ झाली की कपाळ आवळल्यासारखं होतं गं." दोन वर्षांत तीनदा चष्मा बदलून झाला होता. मग बोलता बोलता म्हणाली, "आणि चौकात उजवीकडून येणारं वाहन मला एकदम अंगावर आल्यावरच दिसतं. मान वळवूनच बघावं लागतं."

दोन्हींचं मूळ एकच होतं. वय वाढलं की वरच्या पापणीची कातडी सैल होते, आणि तिची घडी बाहेरच्या कोपऱ्यात सगळ्यांत जास्त खाली येते, घराच्या वळचणीसारखी. वरचा आणि बाजूचा कोपरा त्या वळचणीमागे जातो. आपल्याला हे कळत नाही, कारण कपाळाचा स्नायू गुपचूप भुवया उचलून धरतो. दिवसभर उचलून तो थकतो, म्हणून संध्याकाळी कपाळ दुखतं. आत्याच्या कपाळावर चार खोल आठ्या होत्या. मी तिला डोळे मिटायला लावले, कपाळ सैल सोडायला सांगितलं, भुवयांवर अंगठे अलगद टेकवले आणि म्हटलं, "आता उघड." कातडी थेट पापण्यांच्या केसांवर येऊन बसली. "अगं, तू अर्धीच दिसतेस," आत्या म्हणाली.

२. 'पापणी खाली आली' या एका वाक्यात तीन वेगळे आजार असतात.

पापणीची कड स्वतः घसरली असेल तर तो टोसिस. तिथे पापणी उचलणारा स्नायू किंवा त्याचा कंडरा दुबळा झालेला असतो. कड जागेवर आहे आणि फक्त कातडी लोंबते, तर ते डर्मॅटोकॅलॅसिस. ब्लेफरोप्लास्टी, म्हणजे जादा कातडी काढणं, हा याच दुसऱ्या प्रकारावरचा उपाय. आणि भुवईच खाली उतरली असेल तर पापणीची कितीही कातडी कापली तरी वळचण पुन्हा उतरते.

फरक कळायला एक टॉर्च आणि मिलिमीटरची पट्टी पुरते. टॉर्च समोर धरला की बुबुळाच्या मधोमध उजेडाचा ठिपका दिसतो. तिथून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर साधारण ४ ते ५ मिलिमीटर असतं. आत्याचं होतं ४, म्हणजे कड ठीक. मग तोच ठिपका ते लोंबत्या कातडीची खालची कड मोजली, कपाळ सैल ठेवून: जेमतेम दीड. स्नायू शाबूत, पडदा खाली.

एक गोष्ट मी प्रत्येकाला विचारते. हे हळूहळू झालं की अचानक? सकाळी बरं आणि संध्याकाळी पापणी मिटतच जाते, एकाचे दोन दिसतात, असं असेल तर तो मायस्थेनियासारखा स्नायूंचा विकार असू शकतो. एकच पापणी दोन दिवसांत पडली आणि बाहुली मोठी दिसते, तर ते मेंदूकडचं काम, तातडीचं. अशांना सर्जनच्या यादीत घालायचं नसतं.

३. छापील रिपोर्टवरचा काळा डाग म्हणजे काचबिंदू नव्हे.

हा धडा मला आत्यामुळे मिळाला, आणि थोडा रागही आला. तिच्या पिशवीत एका दवाखान्यातला जुना फील्ड रिपोर्ट होता. वरचा भाग काळा. त्यावरून तिला काचबिंदूचे थेंब सुरू केले होते, आणि चार महिने ती ते इमानदारीत घालत होती.

काचबिंदूतही वरचा भाग जाऊ शकतो, पण तिथे डाग सहसा आंधळ्या बिंदूपासून कमान धरून नाकाच्या बाजूला जातो आणि आडव्या मध्यरेषेवर येऊन थांबतो. शिवाय डोळ्याच्या मागच्या नसेची चकती त्या डागाशी जुळायला हवी. आत्याचा काळेपणा सगळ्यांत वरच्या ओळीत आणि बाहेरच्या कोपऱ्यात होता, दोन्ही डोळ्यांत, जणू आरशातला. आमच्या डॉक्टरांनी नस तपासली, ती निरोगी निघाली. थेंब घालण्याआधीचा डोळ्यांचा दाबही कागदांवर सामान्यच होता.

मग मी तिच्या पापणीला मायक्रोपोअरची पट्टी लावली आणि तीच चाचणी पुन्हा केली. काळा भाग गेला. पट्टीने काचबिंदू जात नाही. जो डाग पट्टीने गेला तो कातडीचा. जो उरेल त्याची काळजी करायची. दोन्ही एकत्र असणारे पेशंटही पाहिले आहेत, म्हणून 'पापणीच आहे' असं म्हणून नस न बघणं ही उलट बाजूची चूक.

४. पट्टी लावणाऱ्याचा हात प्रामाणिक हवा.

ऑपरेशन गरजेपोटी की दिसण्यापोटी, हे कागदावर ठरतं ते याच दोन चाचण्यांवर, पट्टीशिवाय आणि पट्टीसह. नेहमीच्या काचबिंदूच्या चाचणीत मधल्या २४ अंशांचाच भाग तपासतात, पापणीची वळचण मात्र बऱ्याचदा त्याच्या बाहेरच असते. म्हणून वर ६० अंशांपर्यंत जाणारी चाचणी मागावी लागते. निरोगी डोळ्याला वर साधारण तेवढंच दिसतं. आत्याचा उजवा डोळा पट्टीशिवाय २० अंशांवर थांबत होता, पट्टीने ४५ पर्यंत गेला. पंचवीस अंशांचा फरक. अमेरिकेतल्या अनेक विमायोजना १२ अंश किंवा ३० टक्के सुधारणा मागतात, त्यामानाने हा भरपूर.

पण आकडा सहज फसवतो. पट्टीने पापणीची कडच ओढली तर फरक खोटा वाढतो. फक्त जादा कातडी भुवईकडे उचलायची, पेशंटला उघडझाप करता यायला हवी. झोपाळू पेशंटचंही वरचं फील्ड काळं येतं. काहींना कुणीतरी आधीच शिकवलेलं असतं, ते मुद्दाम डोळे किलकिले ठेवतात. म्हणून मी चुकलेल्या बटणांचे आकडे वाचते आणि फोटोशी ताडते. फोटो समोरून आणि बाजूने, भुवई सैल, मान सरळ. रिपोर्ट २० अंश म्हणतो आणि फोटोत बाहुलीच्या वर चांगलं उघडं दिसतं, तर दोन्हींपैकी एक खोटं आहे.

आत्याला ही शंका आपल्यावर घेतली जाईल याची फार भीती होती. शेजारच्या वहिनी म्हणाल्याच होत्या, "या वयात कसलं हो नटणं?" खरं तर सुरी तीच, टाकेही तेच. ज्यांना फक्त दिसण्यासाठी करून घ्यायचं आहे त्यांनी खुशाल करावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त डोकेदुखीची गोष्ट रचू नये.

५. विम्याचं पत्र येण्याआधी पॉलिसी वाचावी.

आपल्याकडच्या आरोग्य पॉलिसींमध्ये सौंदर्यासाठीची आणि प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची दुरुस्ती आणि आरोग्याचा थेट, तातडीचा धोका टाळण्यासाठी गरजेचा उपचार, एवढाच अपवाद, आणि तोही उपचार करणाऱ्या डॉक्टरने लिहून द्यावा लागतो. आत्याच्या फायलीत दोन्ही फील्ड, फोटो, मोजमापं आणि सर्जनचं पत्र होतं. तरी नकारच आला. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा नकार. त्याच वर्षी जवळपास तशाच कागदांवर दुसऱ्या एका पेशंटचा दावा मंजूर झालेला मी पाहिला. 'तातडीचा धोका' या शब्दांत हळूहळू मिटत जाणारी नजर बसवायची की नाही, हे टेबलापलीकडचा माणूस ठरवतो. आत्याने पैसे स्वतः भरले.

६. किती कापायचं यापेक्षा किती ठेवायचं ते महत्त्वाचं.

आमच्या सर्जन मॅडमनी आत्याला खुर्चीत सरळ बसवून पेनाने खुणा केल्या. आडवं झाल्यावर कातडी मागे सरकते आणि भुलीच्या इंजेक्शनने सुजते, म्हणून खुणा आधी. खालची रेघ पापणीच्या नैसर्गिक वळीवर, कडेपासून ९ मिलिमीटरवर. मग बोथट चिमट्याने वरची कातडी धरायची, डोळा मिटलेलाच राहिला पाहिजे. चिमट्यात धरताना पापणी उघडली तर माप जास्त झालं. भुवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या कडेपर्यंत निदान २० मिलिमीटर कातडी शिल्लक राहायला हवी. आत्याने विचारलं, "थोडी जास्तच काढा की, परत नको यायला." मॅडम म्हणाल्या, "काकू, मग झोपेत डोळा उघडा राहील."

त्याआधी डोळ्यांतलं पाणी मोजलं होतं. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवतात, आत्याची ७ मिलिमीटर भिजली. १० च्या खाली म्हणजे कोरडेपणाकडे कल, म्हणून कातडी आणखी थोडी राखूनच काढायचं ठरलं आणि ओलाव्याचे थेंब आधीच सुरू झाले. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ती घेत नव्हती. घेत असती तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच पुढे गेलो असतो, स्वतःहून बंद करणं धोक्याचं.

ऑपरेशननंतर पहिल्या रात्री मी तिच्याजवळ झोपले. सूज आणि निळेपणा येणारच, बर्फ लावत राहायचं. पण डोळा ठणकून दुखायला लागला, दगडासारखा कडक होऊन बाहेर आला, अंधूक दिसलं, तर सकाळची वाट बघायची नाही. डोळ्यामागे रक्त साचलं असेल तर नस दाबली जाते आणि वेळ अगदी थोडा असतो. क्वचित होतं, पण म्हणून मी दर दोन तासांनी तिला उठवून बोटं मोजायला लावली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "चार आहेत गं बाई, झोपू दे."

सहाव्या दिवशी टाके निघाले. तीन महिन्यांनी पुन्हा माझ्या अंधाऱ्या खोलीत: उजवा डोळा ४० अंश. पट्टीने ४५ आले होते, पाच कमी. कातडीचं वजन उतरल्यावर कपाळाने उचलून धरणं सोडलं आणि भुवया थोड्या खाली बसल्या. बहुतेकांचं असंच होतं, म्हणून पट्टीच्या आकड्याचं वचन मी आता कुणाला देत नाही.

कपाळ दुखणं थांबलं. घरी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात छताला जळमटं लोंबत होती, किती वर्षांची देव जाणे. "आणि तू दिवाळीला येऊन राहिलीस, तुलाही दिसली नाहीत?"