काळ बदला : भूतकाळातील उतारा वर्तमानकाळात लिहिताना



'पुढील उताऱ्याचा काळ बदला' हा प्रश्न दिसला की सोपा वाटतो. 'गेला' चे 'जातो' करायचे, 'होता' चे 'आहे' करायचे, झालं! पण वह्या तपासताना मला एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. पहिली चार वाक्ये नीट बदललेली असतात आणि पाचव्या वाक्यात कुठेतरी 'केला' तसाच राहिलेला असतो. वाचणारा गोंधळतो, की हे आत्ता घडतंय की आधीच घडून गेलंय? म्हणून आज एक पूर्ण उतारा घेऊन बघू या.

आपल्या सातारा जिल्ह्यातला प्रतापगड तुम्हाला माहीत आहेच. हा उतारा वाचा.

"1659 साल होते. अफझलखानाची छावणी वाईला पडली होती. महाराज प्रतापगडावर होते. खानाने आपला वकील गडावर पाठवला. महाराजांनी त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि भेटीला होकार दिला. 10 नोव्हेंबरला गडाच्या पायथ्याशी दोघे भेटले. खानाने महाराजांना मिठी मारली आणि कट्यारीचा वार केला. महाराजांनी अंगात चिलखत घातले होते, त्यामुळे ते वाचले. त्यांनी वाघनखे खानाच्या पोटात खुपसली."

घडून गेलेली गोष्ट डोळ्यांसमोर घडते आहे असे दाखवण्यासाठी आपण वर्तमानकाळ वापरतो. व्याकरणात त्याला 'ऐतिहासिक वर्तमानकाळ' म्हणतात. पोवाडा सांगणारे शाहीर असंच सांगतात, नाही का?

पहिली गोष्ट : 'ने' आणि 'नी' कडे बघा

बहुतेक मुले फक्त क्रियापद बदलतात आणि लिहितात, "खानाने महाराजांना मिठी मारतो." हे मोठ्याने वाचा. कानाला खटकलं ना?

'खानाने मिठी मारली' यात 'मारली' हे रूप 'मिठी' वरून आले आहे. मिठी स्त्रीलिंगी, म्हणून मारली. वार पुल्लिंगी, म्हणून 'वार केला'. म्हणजे इथे क्रियापद कर्माच्या मागे चालते. हा कर्मणी प्रयोग. साध्या वर्तमानकाळात मात्र क्रियापद कर्त्याच्या मागे जाते. म्हणून दोन बदल एकदम करावे लागतात. कर्त्याचा 'ने' काढायचा आणि क्रियापद कर्त्याप्रमाणे लिहायचे : "खान महाराजांना मिठी मारतो."

'ने' काढला की शब्दाचे मूळ रूपही परत आणायचे. शेतकऱ्याने – शेतकरी, कुत्र्याने – कुत्रा, मुलाने – मुलगा, सुनेने – सून. आणि 'त्यांनी' असेल तर थांबा. 'त्यांनी' पुरुषांनाही चालते आणि बायकांनाही. वर्तमानकाळात 'ते' लिहायचे की 'त्या', हे मागचे वाक्य वाचून ठरवावे लागते. आपल्या उताऱ्यात 'त्यांनी' म्हणजे महाराज, म्हणून 'ते'.

दुसरी गोष्ट : 'होते' दोन प्रकारचे

"महाराज प्रतापगडावर होते" याचे "महाराज प्रतापगडावर आहेत" झाले. सोपे आहे. पण "चिलखत घातले होते" याचे काय?

इथे पुष्कळ जण "महाराज चिलखत घालतात" असे लिहितात. अर्थ बघा बरं! खानाने वार केला आणि मग महाराज चिलखत घालायला बसले, असा अर्थ होतो. चिलखत तर भेटीच्या आधीच घातले होते. गोष्टीतल्या क्षणाच्या आधी पूर्ण झालेली क्रिया 'होते' ने दाखवली असेल, तर तिचा पूर्ण वर्तमानकाळ करायचा : "महाराजांनी चिलखत घातले आहे." आणि लक्षात घ्या, इथे 'नी' जात नाही! पूर्ण वर्तमानकाळात 'ने' किंवा 'नी' असेल तर तो तसाच राहतो. म्हणून सगळे 'ने' डोळे झाकून खोडू नका.

आपल्या सातारा-सांगलीकडे बोलताना आपण 'गेल्ता', 'आल्ता', 'केल्ती' असं म्हणतो. त्यात 'होता', 'होती' लपलेले असते. अशा सवयीने लिहिलेला शब्द तपासताना सुटून जातो. म्हणून आधी पूर्ण लिहा, 'गेला होता', आणि मग बदला, 'गेला आहे'.

आता पूर्ण उत्तर :

"1659 साल आहे. अफझलखानाची छावणी वाईला पडली आहे. महाराज प्रतापगडावर आहेत. खान आपला वकील गडावर पाठवतो. महाराज त्याचे म्हणणे ऐकून घेतात आणि भेटीला होकार देतात. 10 नोव्हेंबरला गडाच्या पायथ्याशी दोघे भेटतात. खान महाराजांना मिठी मारतो आणि कट्यारीचा वार करतो. महाराजांनी अंगात चिलखत घातले आहे, त्यामुळे ते वाचतात. ते वाघनखे खानाच्या पोटात खुपसतात."

'ऐकून' बदलले नाही हे पाहिलंत का? ऐकून, जाऊन, बसलेला अशा शब्दांना स्वतःचा काळ नसतो, त्यांना हात लावायचा नाही. अवतरणचिन्हातले बोलणेही तसेच ठेवायचे. आई म्हणाली, "काल पाऊस पडला." याचे होते, आई म्हणते, "काल पाऊस पडला." आईचे शब्द आईचेच राहतात.

तिसरी गोष्ट : तपासायचे कसे?

आपण ओघात वाचतो तेव्हा चूक दिसत नाही. म्हणून शेवटच्या वाक्यापासून उलट वर या. प्रत्येक क्रियापदाचा फक्त शेवट बघा. ला, ली, ले, लो दिसले आणि पुढे 'आहे' किंवा 'आहेत' नसेल, तर तो राहिलेला भूतकाळ. होता, नव्हता दिसले तरी तेच. 'आणि', 'पण' यांच्या अलीकडचे आणि पलीकडचे, दोन्ही क्रियापदे बघा. "मिठी मारतो आणि वार केला" ही चूक तिथेच लपते.

या युक्तीतून एक गोष्ट मात्र सुटते. "आजी रोज देवळात जात असे", "आजी गोष्ट सांगे" यात 'ला-ली-ले' नाही, तरी हा भूतकाळच आहे. त्याचे "जाते", "सांगते" करा.

सराव

"मी काल आजीबरोबर सांगलीच्या बाजारात गेले. आजीने हळद घेतली. मी पिशवी धरली. दुकानदाराने आधीच वजन केले होते."

उत्तर : "मी आज आजीबरोबर सांगलीच्या बाजारात जाते. आजी हळद घेते. मी पिशवी धरते. दुकानदाराने आधीच वजन केले आहे."

'काल' चे 'आज' झाले. आणि 'मी पिशवी धरली' हे मुलगा आणि मुलगी दोघेही लिहितात, पण वर्तमानकाळात मुलगा 'धरतो' आणि मुलगी 'धरते'. इथे बोलणारी मुलगी आहे हे पहिल्या वाक्यातल्या 'गेले' वरून कळते. कोल्हापूर-सांगलीकडे काही घरांत बायकाही 'मी जातो' म्हणतात. घरी खुशाल म्हणा, पण परीक्षेच्या उत्तरात मुलीने 'जाते' लिहावे.

आता पाठ्यपुस्तकातला कोणताही एक उतारा घ्या, वहीत काळ बदला आणि शेवटून वर वाचत या. किती 'ला-ली-ले' सापडले ते समासात लिहा.