न्यूट्रिशन कोचचं सर्टिफिकेट आणि रजिस्टर्ड डायटिशियन: तुम्ही काय सांगू शकता, कुठे थांबायचं?

मागच्या व्हिडिओखाली सावेडी, श्रीरामपूर, शेवगावकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला. "सर, ऑनलाइन न्यूट्रिशनचा कोर्स केलाय, सर्टिफिकेट आहे. आता जिममध्ये किंवा दुकानात डाएट प्लॅन देऊन पैसे घेऊ शकतो का?" व्हिडिओत याचं उत्तर पूर्ण देता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी कागद समजून घ्या

बाजारात मिळणारी बहुतेक सर्टिफिकेटं खासगी संस्थांची असतात. कोर्स पूर्ण झाला, परीक्षा पास झालात, एवढंच तो कागद सांगतो. सरकारी संस्थेचा कोर्स असला तरी हे बदलत नाही. इग्नूचंच बघा. तिथे अन्न आणि पोषण या विषयाचा सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्सही आहे आणि डायटेटिक्सची एम.एस्सी.ही आहे. संस्था एकच, पण सर्टिफिकेटवाल्याला घरच्या आहाराची समज येते आणि एम.एस्सी.वाला रुग्णाचा आहार ठरवायला शिकतो.

'आरडी', म्हणजे रजिस्टर्ड डायटिशियन, ही पात्रता इंडियन डायटेटिक असोसिएशन देते. त्यासाठी विषयातलं वरचं शिक्षण, रुग्णालयातली इंटर्नशिप आणि वेगळी परीक्षा लागते. म्हणून नावापुढे 'आरडी' ही अक्षरं लावायची असतील तर ती कमवावी लागतात. कोर्सवाल्यांनी 'आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त' म्हटलं म्हणून ती लावता येत नाहीत.

त्यात २०२१ साली केंद्राचा नवा कायदा आला, नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स अ‍ॅक्ट. त्याच्या परिशिष्टात डायटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट हे दोन्ही व्यवसाय नावानिशी आहेत. या कायद्याप्रमाणे 'अलाइड हेल्थ प्रोफेशनल' व्हायला किमान २००० तासांचं शिक्षण लागतं आणि 'हेल्थकेअर प्रोफेशनल' व्हायला किमान ३६०० तासांचं. आता तुमचं सर्टिफिकेट काढा आणि त्यावर किती तास लिहिलेत ते बघा. शंभर-दीडशे असतील, तर तुम्ही या कायद्यातले प्रोफेशनल नाही. आणि नोंदवहीत नाव नसताना ते आहे असं भासवणं हा त्यात गुन्हा आहे. म्हणून बोर्डावर 'डायटिशियन' किंवा 'क्लिनिकल न्यूट्रिशनिस्ट' लिहू नका. 'न्यूट्रिशन कोच, अमुक संस्थेचा सर्टिफिकेट कोर्स' असं लिहा. खरं आहे तेवढंच.

मग सांगायचं काय?

'कोचने एवढंच सांगावं' अशी यादी कोणत्याही एका कायद्यात नाही. पण वेगवेगळे नियम एकत्र ठेवले की रेषा स्पष्ट दिसते. निरोगी माणसाशी जेवणाबद्दल बोला. आजाराबद्दल बोलू नका.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्यावर बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरसाठी नियम काढले. पाणी प्या, नियमित व्यायाम करा अशा सर्वसाधारण सल्ल्याला त्यात मोकळीक आहे, पण तो सल्ला विशिष्ट वस्तू विकण्याशी किंवा विशिष्ट आजाराशी जोडलेला नको. म्हणजे निरोगी गिऱ्हाइकाला ताटात डाळ-उसळ वाढवा, बेकरीचे पदार्थ कमी करा, चहातली साखर मोजा, रात्रीचं जेवण लवकर घ्या असं सांगायला हरकत नाही. 'शुगर उतरवणारा प्लॅन' म्हटलं की तुम्ही रेषा ओलांडली.

एक उदाहरण सोडवू

समजा, राहुरीचे ४८ वर्षांचे एक काका तुमच्याकडे आले. वजन ९२ किलो. म्हणाले, "महिन्यात पाच किलो कमी करून द्या." तुम्ही कोर्समध्ये शिकलेला लो-कार्ब प्लॅन काढला. दोन्ही वेळची भाकरी बंद, रात्री फक्त सॅलड आणि पनीर.

काकांनी एक गोष्ट सांगितली नाही, आणि तुम्ही विचारली नाही. ते शुगरची गोळी घेतात आणि तिच्यात ग्लिमेपिराइड आहे. हे औषध शरीराला इन्सुलिन सोडायला लावतं, मग ताटात भाकरी असो वा नसो. डॉक्टरांनी डोस ठरवला तेव्हा काका रोज चार भाकरी खात होते. भाकरी गेली, गोळी तेवढीच राहिली. आता रक्तातली साखर ७० च्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हाताला थरथर, धडधड, बोलण्यात गोंधळ, आणि जास्तच झालं तर शुद्ध हरपते. हे मोटारसायकलवर झालं तर?

गंमत म्हणजे प्लॅन कदाचित चुकीचा नसेलही. पण तो देताना गोळीचा डोस बदलावा लागतो, आणि ते काम फक्त डॉक्टरांचं. तसंच किडनीच्या रुग्णाला प्रोटीन वाढवून देणं. निरोगी पोराला चालणारा डबा तिथे नुकसान करतो.

म्हणून प्लॅनच्या आधी एका कागदावर पाच प्रश्न विचारा:

१. रोज कोणतं औषध घेता? गोळ्यांची पट्टी दाखवा.
२. शुगर, बीपी, थायरॉइड, किडनी, लिव्हर, हृदय यांपैकी काही निदान झालंय?
३. गरोदर आहात किंवा बाळाला दूध पाजता?
४. वय १८ पेक्षा कमी आहे?
५. काही न करता वजन घटलंय?

एकाही प्रश्नाला 'हो' आलं, तर प्लॅन द्यायचा नाही. डॉक्टर आणि डायटिशियनकडे पाठवायचं. लोणी आणि विळद घाट इथे मेडिकल कॉलेजची रुग्णालयं आहेत. तिथे आणि तुमच्या गावातल्या मोठ्या दवाखान्यांत डायटिशियन कधी भेटतात, याची आधीच चौकशी करून नंबर दुकानात लावून ठेवा.

यात गिऱ्हाईक हातचं जात नाही. डायटिशियनने कागदावर दिलेला आहार काकांनी खरंच पाळला का, किराणा काय आणायचा, वजन कधी बघायचं, हा आठवड्याचा फॉलो-अप तुमचा. फी त्याची घ्या. फक्त त्या कागदातला एकही घटक स्वतःहून बदलू नका.

बोर्ड, स्टेटस आणि पावडरचा डबा

माणूस आत यायच्या आधीच बरेचजण इथे अडकतात. १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा अजून लागू आहे. त्याच्या यादीत मधुमेह, रक्तदाब आणि लठ्ठपणासुद्धा आहे. एखादी पावडर याने हे आजार बरे होतात असं सांगून विकली, तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जाहिरातीच्या व्याख्येत पत्रक, लेबल आणि तोंडी घोषणाही येते. मग तुमचा व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस कसा सुटेल?

शिवाय खाद्यपदार्थाची दिशाभूल करणारी जाहिरात केली तर अन्न सुरक्षा कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. तुमच्याच डब्याचं लेबल वाचा. हेल्थ सप्लिमेंटवर 'औषधी वापरासाठी नाही' या अर्थाची ओळ छापलेली असते. कंपनी जे लिहायला धजत नाही, ते तुम्ही काउंटरवर कशाला बोलता?

'शुगर मुक्त व्हा, ९० दिवसांत' असा बोर्ड असेल तर तो काढा. त्याजागी 'निरोगी व्यक्तींसाठी आहार आणि सवयींचं मार्गदर्शन. आजार असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानेच' असं लावा. पण वर शुगर मुक्तीचा दावा ठेवून खाली बारीक अक्षरात 'मी डॉक्टर नाही' लिहिलं, तर त्या ओळीने काही वाचत नाही. दावा हा दावाच राहतो. गिऱ्हाइकाची सही घेतलेला 'माझ्या जबाबदारीवर' हा कागदही तसाच.

तुमच्या बोर्डावर आत्ता जे लिहिलंय, ते शब्दशः कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातले पाच बोर्ड घेऊन, नाव-गाव न सांगता, कोणता शब्द ठेवायचा आणि कोणता पुसायचा ते दाखवतो.