फोटो पाठवणारा वेगळा, फोटोतली बाई वेगळी: परवानगी कोणाची घ्यायची?

पार्लर, बुटीक, जिम, डाएट सल्ला असं काही सुरू करणाऱ्यांसाठी आजचा धडा आहे. व्हिडिओत थोडक्यात सांगितलं होतं, इथे नीट पाहू.

परतवाड्यात पार्लर चालवणाऱ्या एका ताईंची गोष्ट, नाव न घेता. लग्नसराईत एका काकूंनी व्हॉट्सॲपवर होणाऱ्या सुनेचा फोटो पाठवला. "हिच्या चेहऱ्याले कोणतं पॅकेज लागन ते सांगा." ताईंनी फोटो स्किन ॲनालिसिसच्या ॲपमध्ये टाकला. ॲपने डाग, मुरुमं, पिग्मेंटेशन यांना मार्क दिले आणि त्वचेचं वय ३४ दाखवलं. ताईंनी स्क्रीनशॉट काकूंना पाठवला. तो तिथून घरच्या ग्रुपवर गेला. पोरगी होती २४ वर्षांची. "मोठी तर नसन वयानं?" अशी चर्चा तिच्या माहेरापर्यंत पोचली, तेव्हा तिला कळलं की आपला चेहरा कोणीतरी तपासला.

ताईंचं म्हणणं, "फोटो तर त्यायनंच पाठवला, मंग माझी चूक काहून?" इथेच बहुतेक जण फसतात. फोटो कोणाच्या मोबाइलमधून आला हे महत्त्वाचं नाही, चेहरा कोणाचा आहे ते महत्त्वाचं. काकू पैसे देणार म्हणून त्या ग्राहक असतील, पण माहिती सुनेची आहे. बायोडेटाचा फोटो तिने स्थळ पाहण्यासाठी दिला होता, त्वचा तपासायला नाही. (आणि ते ३४ वर्षं तरी कुठून आलं? ट्यूबलाइटची सावली आणि व्हॉट्सॲपने दाबलेला फोटो, यावरून ॲप डाग मोजतं. फोटो खराब आला तरी आकडा मात्र ठणकावून सांगतं.)

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. मग २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीच्या मुख्य तरतुदींना तिथून १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. घरगुती कामासाठी कोणी फोटो वापरला तर हा कायदा लागत नाही. धंद्यासाठी वापरला की लागतो, दुकान एका खोलीचं असलं तरी. संमती मोकळ्या मनाने, ठरावीक कामापुरती आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी. गप्प बसणं म्हणजे हो नाही. दिलेली संमती परत घेणंही देण्याइतकंच सोपं हवं.

म्हणून काकूंना उत्तर असं जायला पाहिजे होतं: "काकू, पोरीलेच माह्या नंबरवर मेसेज करायले सांगा." मग पोरीला मराठीत तीन वेगळे प्रश्न विचारा:

"तुमचा फोटो अमुक ॲपमध्ये टाकून त्वचा तपासू का? रिपोर्ट फक्त तुम्हाला पाठवू की काकूंनाही? फोटो आमच्या पेजवर टाकला तर चालेल का?"

तिन्हींचं उत्तर वेगळं येऊ शकतं. तिसऱ्याला नाही म्हटली म्हणून फेशियल नाकारायचं नाही. मुलगी १८ च्या आतली असेल तर आईवडिलांची संमती लागते. शाळेच्या गॅदरिंगचे ड्रेस शिवणाऱ्यांनी आणि जिमवाल्यांनी हे लक्षात ठेवा. पूर्ण शरीराच्या फोटोवरून माप किंवा चरबी काढणारं ॲप असेल तर आणखी जपून. तिथे टेपने माप घेतलं तर फोटोची गरजच पडत नाही, आणि माप जास्त बरोबर येतं.

"अमुक ॲपमध्ये" असं लिहायचं तर फोटो जातो कुठे ते तुम्हाला माहीत पाहिजे. एक साधी चाचणी करा. स्वतःचा फोटो घ्या, मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, वायफाय बंद आहे ना ते पहा आणि तपासणी चालवा. रिझल्ट आला नाही, तर फोटो बहुधा कंपनीच्या सर्व्हरवर जातो. आला, तर काम मोबाइलमध्येच होतं. पण नेट सुरू झाल्यावर ॲप फोटो पाठवणारच नाही याची ही खात्री नाही, त्यासाठी ॲपची प्रायव्हसी पॉलिसी वाचावी लागते.

ताईंनी माफी मागितली आणि फोटो गॅलरीतून उडवला. पण दुकानाच्या मोबाइलवर गुगल फोटोजचा बॅकअप सुरू होता. त्यात उडवलेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, तिथूनही काढावा लागला. मग व्हॉट्सॲप चॅटमधला, मग ॲपच्या हिस्ट्रीतला. ग्रुपवर गेलेला स्क्रीनशॉट मात्र ताईंच्या हातात राहिला नव्हता.

आता त्यांच्या व्हॉट्सॲप बिझनेसवर आपोआप जाणारा पहिला मेसेज असा आहे: "फोटो स्वतःचा असेल तरच पाठवा. दुसऱ्या कोणाचा असेल तर त्यांनाच मेसेज करायला सांगा."